वर बंद, खाली बंद: गॅसच्या एका घोषवाक्याची दुरुस्ती

घरगुती गॅसच्या सुरक्षिततेवर गृहिणींसाठी मी सत्रं घेते. सत्र संपलं की प्रत्येकीच्या हातात बारा घोषवाक्यांचा एक कागद द्यायचा, हा माझा बरीच वर्षं चालत आलेला शिरस्ता. वाक्यं मीच लिहिलेली, यमकं नीट जुळलेली, अक्षरं ठळक. त्यातलं चौथं असं होतं: "वास येता गॅसचा घरी, विजेचे बटण चालू न करी."

एका सत्राला आलेल्या ताईंनी चहाच्या वेळी मला बाजूला घेतलं. पहाटे स्वयंपाकघरात गेल्या, दिवा लावला आणि मग त्यांना गॅसचा वास आला. घाबरल्या, पण माझं वाक्य आठवलं. "तुम्ही लिहिलं होतं ना, बटण चालू करायचं नाही. म्हणून मी लगेच दिवा बंद केला."

सुदैवाने काही झालं नाही. गळती बारीक होती, स्वयंपाकघराचं दार उघडं होतं. पण त्या सांगत होत्या तेव्हा माझे हातपाय गार पडले. विजेचं बटण दाबलं की आतले दोन पत्रे एकमेकांना भिडतात किंवा सुटतात, आणि दोन्ही वेळी ठिणगी पडू शकते. सुटताना तर अनेकदा जास्तच. म्हणजे लागलेला दिवा बंद करणं हे विझलेला दिवा लावण्याइतकंच धोक्याचं. ताईंची चूक काहीच नव्हती. त्यांनी वाक्य तोंडपाठ केलं होतं, ऐन वेळी ते आठवलं होतं आणि शब्दाला शब्द पाळलं होतं. चूक वाक्यात होती.

त्या दिवसानंतर तो कागद वाटणं मी थांबवलं आणि वाक्यं तपासायला घेतली. हे प्रकरण त्या तपासणीचं आहे. बाराही वाक्यांची गोष्ट सांगत नाही. त्यातल्या काही वाक्यांनी मला जे शिकवलं तेवढंच सविस्तर सांगते.

तपासणीची पद्धत साधी ठेवली. एका घरी चौदा जणी जमल्या: नवं लग्न झालेल्या, मुलं शाळेत जाणाऱ्या, आणि दोन आज्या. ओट्यावर शेगडी, खाली रिकामं सिलिंडर, त्याला रेग्युलेटर आणि नळी. एकेकीला आत बोलवायचं, एकच वाक्य वाचून दाखवायचं आणि म्हणायचं, "आता हे करून दाखवा." आवडलं का, समजलं का, हे विचारायचंच नाही. त्या प्रश्नाला सगळ्या जणी हो म्हणतात, माझा आजवरचा अनुभव तोच होता. हात कुठे जातो ते फक्त बघायचं.

पहिलं वाक्य रात्रीचं होतं: "झोपण्याआधी गॅस बंद, सुरक्षेचा हाच छंद." बहुतेक जणींचा हात शेगडीच्या चावीकडे गेला. चावी फिरवली, झालं. खाली वाकून रेग्युलेटरला हात लावणाऱ्या मोजक्याच निघाल्या. मला वाटलं होतं की आळस असेल, पण एक आजी म्हणाल्या, "गॅस बंद केला की. अजून काय करू?" आणि मला एकदम उमगलं. आपल्या बोलण्यात "गॅस बंद कर" म्हणजे शेगडीची चावी बंद कर. दूध उतू जायला लागलं की आपण हेच ओरडतो. दिवसातून वीस वेळा या शब्दांचा तोच अर्थ होतो, मग रात्री त्यांचा अर्थ अचानक रेग्युलेटर कसा होईल? माझ्या मनात रेग्युलेटर होता, पण वाक्यात तो नव्हता.

शेगडीची चावी बंद आणि रेग्युलेटर उघडा, या अवस्थेत रात्रभर नळीत गॅस भरलेला राहतो. नळीला चीर असेल, उंदराने कुरतडलं असेल, शेगडीची चावी झिजून थोडा गॅस सोडत असेल, तर सगळे झोपेत असताना गळती चालू राहते. रेग्युलेटरची चावी बंद केली की गॅस सिलिंडरपाशीच अडतो आणि पुढच्या सगळ्या सांध्यांची काळजी मिटते. म्हणून रात्रीच्या वाक्यात दोन जागा स्पष्ट यायला हव्या होत्या.

"रेग्युलेटर" हा शब्द घोषवाक्यात बसवायला फार जड. काही जणी त्याला "रेगुलेटर" म्हणत होत्या, काही "खटका", एक "टाकीची चावी". नावावर एकमत नव्हतं, जागेवर मात्र होतं. शेगडी वर, टाकी खाली. मग मी लिहिलं: "वर बंद, खाली बंद, मग दिवा बंद." वाचलं रे वाचलं की दोन्ही हात चालायला लागले. वर चावी, मग कमरेत वाकून खाली रेग्युलेटर. चौदापैकी एकीलाही समजावून सांगावं लागलं नाही. शिवाय दिवा मालवणं ही रात्रीची सवयीची कृती, तिच्या शेपटीला बांधल्यामुळे वाक्य आपोआप आठवेल, असा माझा हिशेब. मी फार खूश झाले.

दुसऱ्या दिवशी गळतीचा प्रसंग करून बघत होतो. एका सुनेला सांगितलं, "गॅसचा वास आलाय, काय कराल?" ती पुटपुटली, "वर बंद, खाली बंद..." हात बरोबर चालले. आणि तिसऱ्या पायरीला तिचा हात सरळ दिव्याच्या बटणावर गेला.

पहाटेच्या त्या ताईंकडून झालेली चूक आता मीच यमकात बांधून पाठ करून घेतली होती. घोषवाक्य एकदा डोक्यात बसलं की ते ज्या प्रसंगासाठी लिहिलं तेवढ्यापुरतं राहत नाही. घाबरलेल्या माणसाला जे पाठ असतं तेच बाहेर येतं. म्हणून प्रत्येक वाक्य चुकीच्या प्रसंगी उच्चारलं तर काय होईल, हेही बघावं लागतं. दिवा तिथून काढला आणि वाक्य असं झालं: "वर बंद, खाली बंद, मगच डोळे बंद." आता गळतीच्या वेळी पहिले दोन तुकडे ओठांवर आले तरी ते योग्यच काम करतात, आणि तिसरा तुकडा कुठल्याही बटणाकडे नेत नाही.

आता गळतीचं मुख्य वाक्य. इथे माझे सगळ्यात जास्त दिवस गेले, आणि जायलाच हवे होते.

जुन्या वाक्यातला "चालू न करी" काढून मी आधी सरळ लिहिलं, "बटणाला हात नको." दोन चुका एकदम निघाल्या. एक तर काही जणी शेगडीच्या चावीलाही "गॅसचं बटण" म्हणतात. त्यातली एक हात मागे बांधून उभी राहिली, शेगडीची चावीसुद्धा फिरवेना. दुसरं, विजेच्या बटणांपासून दूर राहिलेल्या जणींनीही विचारलं, "मग वास बाहेर काढायचा पंखा लावू ना?" त्यांच्या लेखी तो पंखा म्हणजे बटण नव्हताच, तो उपाय होता. धूर झाला की पंखा लावतात, फोडणीचा ठसका बसला की लावतात. गॅसचा वास आला की हात तिकडेच जाणार.

म्हणून वाक्यात थेट पंखाच आणायचं ठरवलं. त्याआधी दिव्यावर एक प्रयत्न करून पाहिला: "पेटला दिवा राहू दे, विझला दिवा राहू दे." कानाला फार गोड, आठ-आठ अक्षरांचे दोन चरण, जात्यावरच्या ओवीसारखे हलतात. पण दुसऱ्या आजींनी विचारलं, "वीज गेली असली आणि मेणबत्ती पेटलेली असली, तर तीही राहू द्यायची?" मी कागद फाडला. उघडी ज्योत आधी विझवायची असते, आणि माझं वाक्य ती पेटती ठेवायला सांगत होतं.

शेवटी टिकलं ते हे:

"चालू पंखा चालू दे, बंद पंखा राहू दे;
दार उघड, खिडकी उघड, गॅस बाहेर जाऊ दे."

पहिल्या ओळीत दोन्ही बाजू आल्या. चालू आहे ते बंद करायचं नाही, बंद आहे ते चालू करायचं नाही. पंखा म्हटल्यावर दिव्याचं काय, असं कोणीही विचारलं नाही. सगळ्यांनी तो नियम आपणहून दिव्याला, मिक्सरला, फ्रिजला लावला. पंखा हेच सगळ्यात मोठं आमिष होतं, ते नाव घेऊन सांगितल्यामुळे बाकीचं सोबत आलं. शिवाय "चालू दे", "राहू दे", "जाऊ दे" हे आपल्या तोंडातले रोजचे शब्द. पोराला, नवऱ्याला, शेजारणीला आपण ते म्हणतच असतो. "करू नये" असं घरात कोणी कोणाला म्हणत नाही.

मेन स्विच घराच्या पूर्ण बाहेर, गॅस पोहोचणार नाही अशा जागी असेल, तर तिथून वीज तोडणं चांगलंच. पण ते प्रत्येक घरी तसं नसतं, म्हणून वाक्यात घेतलं नाही. सत्रात तोंडाने सांगते.

दुसऱ्या ओळीत दार आधी आणि खिडकी नंतर आहे, आणि ही जागा मी कोणालाही बदलू दिली नाही. स्वयंपाकाचा गॅस मुख्यतः प्रोपेन आणि ब्युटेनचा असतो. तो हवेपेक्षा जड, दीडपट ते दुप्पट. वाफ आणि धूर वर जातात हे आपण रोज बघतो, म्हणून गॅसही वर जात असेल असं वाटतं. प्रत्यक्षात तो सांडलेल्या पाण्यासारखा खाली जातो, फरशीवर पसरतो, ओट्याखालच्या कप्प्यात आणि मोरीत साचतो. खिडकीची चौकट ओट्याच्या उंचीला असते, दार मात्र फरशीला टेकलेलं असतं. गॅस बाहेर पडायची खरी वाट दाराची. चौदापैकी जवळजवळ सगळ्या आधी खिडकीकडे वळायच्या. "दार उघड" आधी आल्यावर पाय दाराकडे वळले, आणि त्यामुळे दुसराही फायदा झाला: बाहेर पडायचा रस्ता आधीच मोकळा झाला.

हवेत या गॅसचं प्रमाण साधारण 2 टक्क्यांपासून 9 टक्क्यांपर्यंत असेल तर तो पेट घेतो. म्हणजे फार थोडा पुरतो. गॅसला स्वतःचा म्हणण्यासारखा वास नसतो, गळती लवकर कळावी म्हणून त्यात मर्कॅप्टन नावाचं उग्र वासाचं द्रव्य मिसळतात, आणि पेट घेण्याइतका गॅस जमायच्या बऱ्याच आधी ते नाकाला कळतं. म्हणून वास आला म्हणजे वेळ संपली असं नाही. पण सर्दी असेल तर वास येत नाही, आणि त्याच वासात थोडा वेळ राहिलं की नाक तो विसरतं. "आता कमी झाला वाटतं" या वाटण्यावर आत थांबू नये. बाहेरून आलेल्या माणसाचं नाक जास्त खरं.

"उघडा" की "उघड", यावरही चर्चा झाली. मी आधी आदरार्थी "उघडा" लिहिलं होतं. एक ताई म्हणाल्या, "उघडा म्हटलं की कार्यालयातली पाटी वाटते. उघड म्हटलं की आई सांगतेय असं वाटतं." वाक्य शेवटी बाईने स्वतःलाच म्हणायचं असतं, आणि स्वतःला कोणी अहो-जाहो करत नाही. सगळी वाक्यं एकेरीत आणली.

मग फोन. भारतात गॅसगळतीच्या तक्रारीसाठी 1906 हा क्रमांक आहे. फोन घराबाहेर जाऊन लावायचा, त्यामुळे वाक्यात आधी बाहेर पडणं हवं. लिहिलं, "बाहेर जाऊन उभी राहा, फोन लाव एकोणीसशे सहा." राहा आणि सहा असं यमक आयतंच मिळालं. आजींच्या हातात बंद केलेला फोन दिला आणि म्हटलं, लावून दाखवा. त्यांनी शांतपणे दाबलं: एक, नऊ, शून्य, शून्य, सहा. शेजारच्या सुनेनेही तेच केलं. "एकोणीसशे" ऐकलं की बोट दोन शून्यं दाबतं. वाक्य बदललं: "बाहेर जाऊन उभी राहा, एकोणीस शून्य सहा." यमक तसंच राहिलं, आणि बोटं बरोबर चार वेळाच पडली.

बाकीच्या वाक्यांत फारसं नाट्य नव्हतं. गळती कुठून होतेय ते शोधायला साबणाचा फेस लावतात, आणि जिथे फुगे येतात तिथे गळती. जुन्या कागदावर "काडी पेटवून शोधू नका" असं होतं. ते ऐकल्यावर डोळ्यांपुढे काडीच येते. आता तिथे फक्त चार शब्द आहेत: "फेस लाव, फुगा बघ." नळी दर पाच वर्षांनी बदलायची, त्यासाठी "पाच वर्षं झाली, नळी बदलली." हे सगळ्यांना पाठ झालं आणि तरीही निरुपयोगी ठरलं, कारण नळी कधी लावली ते कोणालाच आठवत नव्हतं. इथे घोषवाक्य हरतं आणि मार्कर पेन जिंकतो. ओट्याखालच्या दाराच्या आतल्या बाजूला नळी बसवल्याची तारीख लिहून ठेवायची, एवढंच.

सिलिंडरच्या तोंडावरची टोपी मात्र मला वाक्यात हवीच होती. रेग्युलेटरची चावी बंद केल्यावरही सूं आवाज येत राहिला, तर गळती सिलिंडरच्या तोंडातूनच आहे. अशा वेळी जवळ आग नसेल तर रेग्युलेटर काढून तोंडावर ती टोपी घट्ट दाबून बसवतात, म्हणजे तात्पुरतं तरी तोंड बंद होतं. टोपी दोरीने सिलिंडरला बांधलेली येते. चौदा जणींना विचारलं, तुमच्या घरी टोपी कुठे आहे? कोणी दोरी कापून खणात ठेवलेली, कोणाच्या मुलाने खेळायला नेलेली, कोणाला आठवतच नव्हतं. त्यांच्यासाठी लिहिलं, "टोपी दोरीला, दोरी टाकीला." हे त्यांना इतकं आवडलं की त्या टाळ्या वाजवून म्हणायला लागल्या. पण टोपी बसवायची कशी, हे त्यात नाही आणि येणारही नाही. ते हातानेच शिकावं लागतं: रेग्युलेटरची काळी कडी वर उचलायची, रेग्युलेटर सरळ वर काढायचा, टोपी ठेवून तळहाताने दाबायची. रिकाम्या सिलिंडरवर प्रत्येकीकडून दोनदा करून घेतलं. ज्यांचे हात थरथरत होते त्यांना मी सांगितलं, तुम्ही हे करू नका, दार उघडून बाहेर जा. सगळ्यांनी सगळं करायला हवं असं नाही.

आठ दिवसांनी मी न कळवता पुन्हा गेले. कागद आणला नाही, वाक्यं म्हणून दाखवायला सांगितली नाहीत. एकेकीला आत बोलावून एवढंच म्हटलं, "वास येतोय." वर बंद, खाली बंद हे सगळ्यांनी केलं. पंख्याला एकीनेही हात लावला नाही. दोघी जणी मात्र खालचं दार उघडून सिलिंडरपाशी वाकून वास घेत राहिल्या, कुठून येतोय ते शोधत. गॅस सगळ्यात दाट असतो नेमका तिथेच. "बाहेर जाऊन उभी राहा" त्यांना पाठ होतं, पण ते फोनच्या वाक्यात होतं, आणि फोनचा विचार डोक्यात येईपर्यंत पाय आतच राहिले.

म्हणून तो तुकडा आता फोनपासून सोडवून पंख्याच्या वाक्याला जोडून म्हणून घेते आहे. पुढच्या गटात क्रम असा असेल: वर बंद, खाली बंद, चालू पंखा चालू दे, बंद पंखा राहू दे, दार उघड, खिडकी उघड, बाहेर जाऊन उभी राहा, आणि उभं राहिल्यावर एकोणीस शून्य सहा. "गॅस बाहेर जाऊ दे" हा गोड तुकडा त्यासाठी सोडावा लागला. कागदही आता सिलिंडरजवळ लावायला सांगत नाही. रात्रीची ओळ स्वयंपाकघरातून बाहेर पडताना दिसेल अशा भिंतीवर, आणि पंख्याची ओळ विजेच्या बटणांच्या पाटीला अगदी खेटून, बोट जिथे जाणार तिथेच.